कपॅसिटर नेमकं काय साठवतो? आणि माझे १८०० फॅरड कुठे गेले?

गेल्या वर्षीच्या सहामाही प्रगती अहवालात माझ्या सादरीकरणाची तेरावी स्लाईड ही माझी आवडती स्लाईड होती. निकेल-कोबाल्ट हायड्रॉक्साईडचं इलेक्ट्रोड, निकेल फोमवर वाढवलेलं, आणि खाली ठळक अक्षरात आकडा : १८०० फॅरड प्रति ग्रॅम. समितीत बाहेरून आलेल्या एक मॅडम होत्या. त्यांनी डिस्चार्जचा आलेख थोडा वेळ बघितला आणि विचारलं, "तुमचा हा कपॅसिटर नेमकं काय साठवतो?"

मी म्हटलं, "चार्ज."

"मग बॅटरी काय साठवते?"

मी म्हटलं, "एनर्जी." त्या काही बोलल्या नाहीत, फक्त वहीत काहीतरी लिहिलं. आठवड्याभराने समितीचा शेरा आला : प्रकरण तीनमधली सगळी मापं पुन्हा मोजावीत आणि शीर्षकातला ‘सुपरकपॅसिटर’ हा शब्द योग्य आहे का, ते तपासावं. म्हणजे दीड वर्षाचं काम आणि जर्नलकडे पाठवायला तयार ठेवलेला एक पेपर, दोन्ही थांबले.

या लेखात टीका आहे ती त्या मॅडमवर नाही. टीका आहे ‘कपॅसिटर चार्ज साठवतो, बॅटरी एनर्जी साठवते’ या वाक्यावर, जे बारावीपासून आपल्या तोंडात बसलेलं आहे. आणि त्या वाक्यामुळे आमच्या क्षेत्रातल्या पेपरांत रूढ झालेल्या एका चुकीच्या आकडेमोडीवर. तुमच्यापैकी बरेच जण पीएचडीला ‘एनर्जी स्टोरेज’ हा विषय घ्यायच्या विचारात आहेत. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत हा विषय लोकप्रिय आहे, आणि त्याचं कारण व्यवहारी आहे. केमिकल बाथ पद्धतीने थर बसवायला बीकर, हॉट प्लेट आणि दोन-तीन क्षार पुरतात; मोठं यंत्र लागतं ते फक्त मोजमापाला. त्यामुळे पदार्थ लवकर तयार होतो, आकडाही लवकर हातात येतो. चूक होते ती नेमकी आकडा काढताना.

आधी ते वाक्य

साध्या कपॅसिटरमध्ये दोन धातूच्या प्लेट्स असतात आणि मध्ये विजेला अडवणारा पदार्थ. बॅटरीला जोडला की एका प्लेटवरचे इलेक्ट्रॉन निघून तारेतून दुसऱ्या प्लेटवर जातात. एका प्लेटवर +Q, दुसरीवर −Q. आता अख्ख्या कपॅसिटरवरचा चार्ज मोजा : बेरीज शून्य. चार्ज होण्याआधीही शून्य होती, नंतरही शून्य. जेवढे इलेक्ट्रॉन एका पायातून आत गेले, तेवढेच दुसऱ्या पायातून बाहेर आले. मग ‘साठवलं’ काय?

साठवलंय ते चार्जचं वेगळं होणं. धन आणि ऋण यांना एकमेकांकडे यायचंय आणि आपण त्यांना ओढून लांब ठेवलंय. त्यासाठी जे काम करावं लागलं ते दोन प्लेट्समधल्या विद्युत क्षेत्रात आहे. म्हणजे कपॅसिटरही ऊर्जाच साठवतो. फरक साठवण्याच्या रीतीत आहे, आणि ती रीत एका साध्या गोष्टीत दिसते : पहिला इलेक्ट्रॉन हलवायला काहीच कष्ट पडत नाहीत, कारण विरोध करायला अजून कोणी नाही. जसजसे इलेक्ट्रॉन साचत जातात तसतसा पुढच्याला हलवणं अवघड होतं. व्होल्टेज चार्जच्या प्रमाणात वाढतं. Q = CV या समीकरणाचा अर्थ हाच, आणि C ला अर्थ आहे तो केवळ हे प्रमाण कायम असतं म्हणून. ऊर्जेच्या सूत्रातला अर्धाही तिथूनच येतो. शून्यापासून V पर्यंत सरळ रेषेत चढलो, तर सरासरी व्होल्टेज V/2. म्हणून ऊर्जा ½QV, म्हणजेच ½CV².

सुपरकपॅसिटरमध्येही हेच घडतं, फक्त दुसरी ‘प्लेट’ द्रावणातल्या आयनांची असते. कार्बनच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन, आणि त्यांना जवळजवळ चिकटून, एखाद्या नॅनोमीटरच्या आतबाहेर, विरुद्ध चार्जचे आयन. अंतर इतकं कमी असल्यामुळे एका चौरस सेंटिमीटरमागे साधारण १० मायक्रोफॅरड मिळतात. एका ग्रॅम सच्छिद्र कार्बनचं क्षेत्रफळ १००० चौरस मीटर, म्हणजे एक कोटी चौरस सेंटिमीटर असतं. गुणाकार करा : १०० फॅरड. चांगल्या कार्बनचे आकडे शे-दोनशेच्या घरात का असतात, ते इथे कळतं. आणि १८०० दिसले की प्रश्न का पडायला हवा, तेही.

बॅटरीत गोष्ट वेगळी. तिथे इलेक्ट्रॉन देणं-घेणं हा रासायनिक अभिक्रियेचा भाग असतो. माझ्या पदार्थातला निकेल हायड्रॉक्साईड चार्ज होताना काय करतो बघा :

Ni(OH)₂ + OH⁻ → NiOOH + H₂O + e⁻

एक घन पदार्थ हळूहळू दुसऱ्या घन पदार्थात बदलतो. जोवर दोन्ही रूपं शिल्लक आहेत तोवर प्रत्येक इलेक्ट्रॉनची ‘किंमत’ जवळजवळ तीच राहते. भांड्यात बर्फ आणि पाणी दोन्ही असेपर्यंत, उष्णता कितीही दिली तरी तापमान शून्यावरच थांबतं ना, तसंच. म्हणून बॅटरीचं व्होल्टेज बराच काळ एका पातळीवर राहतं आणि शेवटी, माल संपल्यावर, धाडकन खाली येतं.

सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा. टाकीला फक्त नळ असेल, तर पाणी काढाल तशी पातळी उतरते आणि नळाचा जोर कमी होतो : हा कपॅसिटर. त्याच टाकीत फ्लोट असेल आणि खालच्या हौदातून पंप पाणी चढवत असेल, तर पातळी तीच राहते, आणि हौद कोरडा पडला की एकदम खडखडाट : ही बॅटरी. उपमा इथवरच ताणायची. खरा मुद्दा असा की कपॅसिटरमध्ये व्होल्टेज हीच साठ्याची मोजपट्टी आहे. बॅटरीत व्होल्टेज साठ्याबद्दल फार काही सांगत नाही; ते अभिक्रिया कोणती आहे, एवढंच सांगतं.

तपकीर गल्लीतली दोन खरेदी

शेरा आल्यानंतरच्या शनिवारी मी तपकीर गल्लीत गेलो आणि दोन वस्तू आणल्या. एक १०० फॅरड, २.७ व्होल्टचा सुपरकपॅसिटर. दुसरी ‘डबल ए’ आकाराची रिचार्जेबल निकेल-मेटल हायड्राईड सेल, वर २००० मिलिअँपिअर-तास लिहिलेली, व्होल्टेज १.२. कपॅसिटर सेलपेक्षा जाड होता. घरी बसून वहीत हिशेब केला.

कपॅसिटर : Q = 100 × 2.7 = 270 कूलोम. ऊर्जा ½ × 100 × 2.7² = 364.5 ज्यूल.

सेल : २ अँपिअर ३६०० सेकंद, म्हणजे ७२०० कूलोम. ऊर्जा 7200 × 1.2 = 8640 ज्यूल.

‘चार्ज साठवणारा’ कपॅसिटर आणि ‘एनर्जी साठवणारी’ बॅटरी असं आपण म्हणतो. पण इथे चार्जही सेलनेच जास्त हलवला, जवळजवळ सत्तावीस पट! ते पाठ केलेलं वाक्य पहिल्याच हिशेबात आडवं झालं.

आता दोन्हींमधून ०.१ अँपिअर प्रवाह काढा. कपॅसिटरचं व्होल्टेज सरळ रेषेत उतरतं आणि १३५० सेकंदांत, म्हणजे साडेबावीस मिनिटांत, निम्म्यावर, १.३५ व्होल्टवर येतं. चार्ज निम्मा उरतो, पण ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे पावच. सेल मात्र सुमारे वीस तास १.२ व्होल्टच्या आसपास रेंगाळते. दहाव्या तासाला मल्टिमीटर लावलात, तर ती अर्धी रिकामी झालीय हे सहज ओळखता येणार नाही. उलट कपॅसिटरची बाजू चार्जिंगला दिसते : ५ अँपिअर दिले तर ५४ सेकंदांत भरला. आत कोणताही पदार्थ बदलायचा नसतो, आयनांनी फक्त पृष्ठभागापाशी यायचं असतं. म्हणूनच तो लाखो वेळा भरता-रिकामा करता येतो.

आता गंमत. या सेललाही ‘फॅरड’मध्ये मोजू. आमच्या पेपरांतलं सूत्र असं :

C = I × Δt / ΔV

(ग्रॅममागे हवं असेल तर वर आणखी वस्तुमानाने भागायचं.) वरचा भाग I × Δt म्हणजे सेलमधून निघालेला चार्ज, ७२०० कूलोम. खाली ΔV काय घ्यायचं? सेल १.२ पासून शून्यापर्यंत गेली असं धरलं, तर ६००० फॅरड. पण वापर साधारण १.४ ते १.० व्होल्ट एवढ्याच पट्ट्यात होतो, म्हणून ΔV ०.४ घेतलं, तर १८००० फॅरड. सेल तीच, चार्ज तोच, आणि ‘कपॅसिटन्स’ तिप्पट.

अजून पुढे जा. हे १८००० फॅरड ½CV² मध्ये घाला आणि V म्हणून कमाल व्होल्टेज १.४ घ्या. उत्तर येतं १७६४० ज्यूल. सेलमध्ये प्रत्यक्षात आहेत ८६४०. म्हणजे नुसत्या सूत्राने आपण दुपटीहून जास्त ऊर्जा तयार केली. दुकानदाराने असं सांगितलं असतं तर आपण त्याच्या तोंडावर हसलो असतो. पेपरात आलं की त्याला ‘उत्कृष्ट कामगिरी’ म्हणतो.

आणि मला खरा चटका बसला तो पुढे. या सेलचं धन इलेक्ट्रोड कशाचं असतं? निकेल हायड्रॉक्साईडचं. मी दीड वर्ष ज्याला सुपरकपॅसिटरचा पदार्थ म्हणत होतो, त्याचा सख्खा भाऊ तपकीर गल्लीत बॅटरी म्हणून विकला जात होता.

१८०० चा आकडा उघडून बघू

आता माझी तेरावी स्लाईड. प्रवाह ग्रॅममागे १ अँपिअर, खिडकी ० ते ०.४ व्होल्ट, डिस्चार्जला लागलेला वेळ ७२० सेकंद. म्हणजे ग्रॅममागे ७२० कूलोम, भागिले ०.४ : १८०० फॅरड प्रति ग्रॅम. बेरीज-वजाबाकीत चूक नाही. चूक आहे ती ०.४ ने भागण्यात.

माझ्या आलेखात उतार सरळ नव्हताच. सुरुवातीला थोडी घसरण, मग ०.२५ व्होल्टच्या आसपास लांबलचक सपाटी, आणि शेवटी कडा. मी खिडकीचे दोन समान भाग केले आणि प्रत्येकात किती वेळ गेला ते मोजलं. ०.४ ते ०.२ मध्ये ६६० सेकंद, ०.२ ते ० मध्ये फक्त ६०. दोन्ही भागांची वेगळी धारकता काढली, तर वरच्या अर्ध्याची ३३०० आणि खालच्या अर्ध्याची ३००. खऱ्या कपॅसिटरमध्ये हे दोन आकडे जवळपास सारखे यायला हवेत. अकरा पट फरक असेल, तर १८०० ही कुणाचीच धारकता नाही. ती दोन अगदी वेगळ्या आकड्यांची सरासरी आहे. आणि मी खिडकी ०.४५ घेतली असती, तर तोच चार्ज १६०० फॅरड झाला असता. खरं सांगायचं तर मी ०.४ का निवडली, हे मला त्या वेळीही माहीत होतं.

याची सैद्धांतिक बाजूही बघा. शुद्ध Ni(OH)₂ चा रेणुभार सुमारे ९२.७. प्रत्येक निकेलमागे एक इलेक्ट्रॉन धरला, तर ग्रॅममागे 96485 / 92.7, म्हणजे सुमारे १०४१ कूलोम. हा आकडा पदार्थाचा आहे, तो बदलत नाही. तो ०.५ ने भागला की २०८२ फॅरड, ०.४ ने भागला की सुमारे २६०० फॅरड. निकेल हायड्रॉक्साईडची ‘सैद्धांतिक धारकता’ म्हणून २०८२ हा आकडा तुम्हाला अनेक पेपरांत भेटेल. ती पदार्थाची सिद्धता नाही, कुणीतरी ठरवलेल्या अर्ध्या व्होल्टचा भागाकार आहे.

मग लिहायचं काय? कूलोम प्रति ग्रॅम, किंवा बॅटरीवाले लिहितात तसं मिलिअँपिअर-तास प्रति ग्रॅम. माझे ७२० कूलोम म्हणजे २०० मिलिअँपिअर-तास. निकेल हायड्रॉक्साईडच्या सैद्धांतिक २८९ शेजारी ठेवून बघितलं, तर ठीकठाक इलेक्ट्रोड, चमत्कार नाही. १८०० या आकड्याने मला चमत्कार वाटला होता, कारण मी त्याची तुलना कार्बनच्या दीडशे-दोनशेशी करत होतो. म्हणजे मी टाकीची तुलना हौदाशी करत होतो आणि वर टाकीच्या सूत्राने हौद मोजत होतो.

दुसरी बाजू, आणि ती खरी आहे

आता कुणी म्हणेल, रासायनिक अभिक्रिया झाली की बॅटरी, नाही झाली की कपॅसिटर, असं सोपं करून टाका ना. नाही होत. १९७१ मध्ये त्रासात्ती आणि बुझांका यांनी रुथेनियम ऑक्साईडवर काम केलं. तिथे इलेक्ट्रॉनची खरी देवाणघेवाण होते, तरी सायक्लिक व्होल्टॅमोग्राम जवळजवळ आयतासारखा दिसतो, म्हणजे कपॅसिटरसारखा. १९९९ मध्ये ली आणि गुडइनफ यांनी साध्या जलीय द्रावणात मँगनीज डायऑक्साईडचंही असंच वर्तन दाखवलं. इथे चार्ज बसण्याच्या जागा एका किमतीच्या नसतात. प्रत्येक पुढची जागा आधीच्यापेक्षा किंचित महाग. म्हणून अभिक्रिया असूनही व्होल्टेज चार्जच्या प्रमाणात सरकतं. यालाच ‘स्युडोकपॅसिटन्स’ म्हणतात, आणि इथे फॅरड वापरणं योग्यच आहे, कारण सरळ रेषा आहे.

म्हणजे कसोटी ‘आत रसायन आहे का’ ही नाही. कसोटी ‘चार्ज आणि व्होल्टेज यांचं नातं सरळ रेषेचं आहे का’ ही आहे. हाच मुद्दा ब्रूस, बेलांजे आणि लाँग यांनी २०१५ मध्ये एका लेखात स्पष्ट मांडला : निकेल किंवा कोबाल्ट हायड्रॉक्साईडसारख्या, सपाटी दाखवणाऱ्या पदार्थांना स्युडोकपॅसिटिव्ह म्हणू नये आणि त्यांना फॅरडमध्ये मोजू नये. मला तो लेख पटतो, पण त्याची एक मर्यादा सांगायला हवी. तो दोन टोकं स्वच्छ दाखवतो; मधल्या प्रदेशात मात्र हाताशी विवेकच लागतो. तोच पदार्थ अगदी बारीक कणांचा किंवा पातळ थराचा केला, की सपाटी तिरपी होत जाते. तिथे रेषा कुठे ओढायची, हे एका वाक्यात सांगता येत नाही. अशा वेळी आलेख पूर्ण छापावा आणि आकडा कूलोममध्ये द्यावा; वाचक आपलं आपण ठरवेल.

अजून एक : बॅटरी-जातीचं इलेक्ट्रोड वाईट नसतं. त्याला कार्बनच्या इलेक्ट्रोडसमोर बसवून ‘हायब्रीड’ उपकरण करता येतं, आणि ते उपयोगी असू शकतं. माझा आक्षेप पदार्थावर नाही, त्याला दिलेल्या नावावर आणि एककावर आहे.

स्वतःच्या डेटाला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न वर येऊन गेला : डिस्चार्जची खिडकी मधोमध कापा, दोन्ही भागांचा चार्ज मोजा. जवळपास सारखा असेल तर फॅरड वापरा, नसेल तर कूलोम. पण ही चाचणी कमी प्रवाहावर करा. प्रवाह वाढवला की अंतर्गत रोधामुळे सुरुवातीलाच व्होल्टेज पडतं, सपाटी पुसट होते, आणि बॅटरीचा आलेखही कपॅसिटरसारखा त्रिकोणी दिसायला लागतो. माझ्याकडे १० अँपिअर प्रति ग्रॅमचा आलेख असाच ‘सुंदर’ होता, आणि मी पोस्टरवर नेमका तोच लावला होता.

दुसरी चाचणी बहुतेक पेपरांत असते आणि तिचाच सगळ्यात जास्त गैरवापर होतो. सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत स्कॅनचा वेग v बदलत जायचा आणि प्रवाह i कसा वाढतो ते i = a·vᵇ या सूत्रात बसवायचं. b एकच्या जवळ आला तर पृष्ठभागावरची प्रक्रिया, अर्ध्याच्या जवळ आला तर आतपर्यंत विसरणाने चालणारी. ठीक आहे. पण b = ०.९ आला म्हणून पदार्थ कपॅसिटर होत नाही. थर पातळ असेल, तर आयनांना आत जायला वेळच लागत नाही, आणि बॅटरीचा पदार्थही एकच्या जवळचा b देतो. b वेगाबद्दल बोलतो. सरळ रेषेबद्दल बोलत नाही. व्होल्टॅमोग्राममध्ये दोन उंच शिखरं डोळ्यांना दिसत असताना खाली ‘b = ०.९, म्हणून स्युडोकपॅसिटिव्ह’ असं लिहिलेलं वाचलं की आता मला माझीच स्लाईड आठवते.

तिसरा प्रश्न वजनाचा. माझ्या फोमवर एका चौरस सेंटिमीटरला ०.८ मिलिग्रॅम पदार्थ होता. बाजारातल्या सुपरकपॅसिटरमध्ये तो दहा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. शिवाय धातूची पत्री, द्रावण, सेपरेटर, डबा यांचं वजन वेगळं. गोगोत्सी आणि सिमोन यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये हेच दाखवलं : पातळ थराचा ग्रॅममागचा आकडा पूर्ण उपकरणाला लावला, की चित्र फसवं होतं. म्हणून ‘ग्रॅममागे’ लिहिताना थरात एकूण किती पदार्थ होता, ते त्याच ओळीत लिहा.

आणि ऊर्जा काढायची असेल, तर ½CV² विसरा. दोन इलेक्ट्रोडचं पूर्ण उपकरण घ्या, डिस्चार्जच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढा आणि त्याला प्रवाहाने गुणा. सरळ रेषा असेल, तर उत्तर ½CV² इतकंच येईल. नसेल, तर जे खरं आहे ते येईल. तीन इलेक्ट्रोडच्या मापावरून उपकरणाची ऊर्जा काढूच नका. तिथलं व्होल्टेज संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेतलं असतं, बाहेरच्या भाराला ते कधी मिळतच नाही.

प्रकरण तीनचं पुढे काय झालं

शीर्षकातला ‘सुपरकपॅसिटर’ गेला. त्याजागी आता ‘बॅटरी-प्रकारचं इलेक्ट्रोड’ आहे. १८०० फॅरड गेले, २०० मिलिअँपिअर-तास आले. पोस्टरवरचा तो सुंदर त्रिकोण काढला आणि कमी प्रवाहाचा, सपाटीवाला आलेख लावला. कार्बनशी तुलना करणारा तक्ता पूर्ण वगळावा लागला, कारण त्यात तुलना करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. पेपर अजून पाठवलेला नाही. गाईड सर म्हणाले, "आता आकडा लहान झाला, पण विचारलं तर उत्तर देता येईल."

पुढच्या सादरीकरणाला त्याच मॅडम असणार आहेत. या वेळी त्यांनी तोच प्रश्न विचारला तर मी म्हणेन : कपॅसिटर चार्जचं वेगळेपण साठवतो, आणि त्याची ऊर्जा क्षेत्रात असते, म्हणून तो रिकामा होताना व्होल्टेज उतरतं. बॅटरी पदार्थाचं न झालेलं रूपांतर साठवते, म्हणून तिचं व्होल्टेज टिकतं. आणि माझं इलेक्ट्रोड, मॅडम, दुसऱ्या गटातलं आहे.